आठ बाय बाराचा फोटो वीस बाय तीसच्या फ्रेममध्ये का बसत नाही

आम्हा चार भावंडांचा एक जुना फोटो आहे. तो नीट स्कॅन करून मी 8 बाय 12 इंचात छापून घेतला आणि त्यासाठी फ्रेम आणली. फ्रेमवर इंच नव्हते, 20 × 30 सेमी लिहिलेलं होतं. आठ अडीच वीस, बारा अडीच तीस. हिशेब तोंडी जमला, म्हणून फार विचार केला नाही. घरी येऊन मागची पाटी काढली, काचेवर फोटो ठेवला, तर तो खाली बसेना. एक कडा दाबली की समोरची वर यायची. दोन्ही दाबून पाटी लावली, तर समोरून काचेखाली फोटो लाटांसारखा दिसायला लागला. आणि डावीकडे उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीचं कोपर चौकटीच्या पट्टीखाली गेलं.

फोटो आठ बाय बाराच होता आणि फ्रेमही वीस बाय तीसच होती. दोन्ही आकडे खरे असूनही हे का घडलं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. इंचाचे सेंटीमीटर करणं सोपं आहे. खरी मेख असते ती उत्तर पूर्णांकात आणताना, आणि त्याहून जास्त ते उत्तर फ्रेमच्या नेमक्या कुठल्या मापाशी ताडून पाहायचं यात.

आधी गुणाकार उरकून टाकू. एक इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर. हा अंदाज नाही, ठरवलेला नेमका आकडा आहे. पूर्वी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच यांत अगदी सूक्ष्म फरक होता. 1959 साली सहा देशांनी मिळून यार्ड 0.9144 मीटर ठरवला आणि त्यातून इंच बरोबर 25.4 मिलिमीटरचा झाला. तेव्हा 2.54 च्या पुढे काही दशांश लपले असतील का, ही शंका ठेवायला नको.

तोंडी करायचं असेल तर माझी पद्धत अशी. आधी अडीचकी म्हणायची आणि मग प्रत्येक इंचामागे 0.4 मिलिमीटर वाढवायचे. बारा इंच म्हणजे तीस सेंटीमीटर, वर बारा गुणिले 0.4, म्हणजे 4.8 मिलिमीटर. एकूण 30.48 सेंटीमीटर. आठ इंच म्हणजे वीस सेंटीमीटर आणि वर 3.2 मिलिमीटर, म्हणजे 20.32. कागद-पेन लागत नाही आणि मुख्य म्हणजे उत्तराचे दोन तुकडे वेगळे दिसतात: एक अडीचकीचा ढोबळ तुकडा आणि दुसरा उरलेला. फ्रेमच्या बाबतीत सगळा घोटाळा त्या दुसऱ्या तुकड्यात असतो.

सुतारकामाची भाषा ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे लगेच पटेल. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, साधारण 3.2 मिलिमीटर. म्हणजे 8 बाय 12 चा फोटो 20 बाय 30 पेक्षा रुंदीला एक सूत आणि लांबीला दीड सूत मोठा आहे. "वीस बाय तीसच की" म्हटलं की फरक नगण्य वाटतो. "दीड सूत जास्त आहे" म्हटलं की कोणताही सुतार ते लाकूड खाचेत ठोकायला जाणार नाही.

मग इतके दिवस हे लक्षात का आलं नाही? कारण आपली सवय छोट्या फ्रेमवर झालेली असते. 4 बाय 6 चा फोटो 10 बाय 15 च्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा बसतो. नेमकं माप 10.16 × 15.24 आहे, म्हणजे फोटो दीड ते अडीच मिलिमीटर मोठा आहे. फ्रेम बनवताना आत थोडी मोकळीक सोडलेली असते, तिच्यात तेवढं खपून जातं. 5 बाय 7 चा फोटो तर 13 बाय 18 च्या फ्रेममध्ये आरामात बसतो, कारण तिथे आकडा उलट्या दिशेने, वर नेलेला आहे. खरं माप 12.7 × 17.78, म्हणजे फोटोच फ्रेमपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान. या दोन अनुभवांवरून आपण धरून चालतो की इंचाच्या आकड्याला जो जवळचा सेंटीमीटरचा आकडा, तीच आपली फ्रेम. पण दर इंचामागचे 0.4 मिलिमीटर फोटोच्या मापाबरोबर वाढत जातात आणि फ्रेमच्या आतली मोकळीक मात्र जवळपास तेवढीच राहते. 12 बाय 16 चा फोटो 30 बाय 40 पेक्षा एका बाजूने जवळजवळ पाच आणि दुसऱ्या बाजूने साडेसहा मिलिमीटर जास्त असतो. तो आत बसायचा प्रश्नच येत नाही.

आता फ्रेमकडे येऊ. फ्रेमला तीन मापं असतात आणि कागदी चिठ्ठीवर त्यातलं एकच लिहिलेलं असतं. बाहेरचं माप म्हणजे भिंतीवर ती किती जागा घेणार. दुसरं माप मागून दिसतं. पाटी काढली की चौकटीच्या आतल्या कडेला एक पायरीसारखी खाच दिसते. काच, फोटो आणि पाटी या तिन्ही गोष्टी त्या खाचेत बसतात. चिठ्ठीवरचा आकडा साधारणपणे या खाचेसाठीचा असतो. तिसरं माप समोरून दिसणाऱ्या उघड्या भागाचं. खाचेपुढे चौकटीची जी पट्टी काचेला अडवून धरते, ती चारही बाजूंनी फोटोचा थोडा भाग झाकते. ही पट्टी सहसा पाचेक मिलिमीटरची असते.

माझ्या फ्रेमची मापं मी नंतर शांतपणे घेतली. खाच 20.2 × 30.2 सेंटीमीटर होती, म्हणजे बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरची मोकळीक दिली होती. काच बरोबर 20 × 30. पट्टी चारही बाजूंना 5 मिलिमीटर, म्हणून समोरून दिसणारा भाग 19.2 × 29.2. माझा फोटो 20.32 × 30.48. म्हणजे खाचेपेक्षा तो रुंदीला 1.2 आणि लांबीला 2.8 मिलिमीटर मोठा होता.

तीन मिलिमीटरही नाहीत. एवढ्याने फोटो इतका का फुगावा? हे मला आधी खरंच कळलं नव्हतं आणि कळलं तेव्हा फार आवडलं. कागद लांबीच्या दिशेने दाबला जात नाही, त्यामुळे जादा लांबी कमानीत जाते. आणि कमानीचं गणित असं आहे की लांबीत झालेली किंचितशी वाढही उंचीत खूप मोठी होऊन दिसते. टेबलावर 30 सेंटीमीटरचा कागद ठेवा आणि दोन टोकं धरून फक्त एक मिलिमीटर जवळ आणा. मधला भाग साधारण एक सेंटीमीटर वर उचलला जातो. माझ्या फोटोत 2.8 मिलिमीटर जास्त होते. तो मोकळा असता तर मधोमध जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटरची कमान झाली असती. काच आणि पाटी यांच्यामध्ये तेवढी जागाच नाही, म्हणून त्या एका मोठ्या कमानीच्या दोन-तीन लहान लाटा झाल्या. काचेखाली लाटा दिसल्या की कागद खराब आहे असं समजू नका, आधी लांबी मोजा.

म्हणूनच खाचेत फोटो घट्ट बसणंही चांगलं नाही. कागद दमट हवेत थोडा वाढतो आणि कोरड्या हवेत आकसतो. प्लॅस्टिकचा थर असलेला फोटो-कागद कमी हलतो, जाड कापसाचा छपाई-कागद जास्त. कोरड्या दिवसांत अगदी काटेकोर बसवलेला फोटो पुढच्या दमट महिन्यांत लाटा दाखवू शकतो. तेव्हा खाचेत प्रत्येक दिशेला साधारण दोन मिलिमीटर मोकळीक राहायला हवी.

म्हणजे फोटो थेट खाचेत बसवायचा असेल, तर रूपांतराचं उत्तर वरच्या बाजूला न्यायचं: 20.32 साठी 20 नाही, 20.5 किंवा त्याहून मोठी खाच शोधायची. ते माप तयार फ्रेममध्ये मिळत नसेल तर तीन वाटा उरतात. फोटो कापा, मोठी फ्रेम घेऊन मध्ये माउंट लावा, किंवा फोटोच सेंटीमीटरच्या मापाने छापून घ्या.

कापणं सर्वांत स्वस्त वाटतं आणि पुष्कळदा ठीकही असतं. माझ्या फोटोला 20 × 30 करायचं तर रुंदीतून एकूण 3.2 आणि लांबीतून 4.8 मिलिमीटर काढायचे होते. हे एकाच कडेचे काढू नयेत. दोन्ही बाजूंनी वाटून घ्यावेत, म्हणजे डावी-उजवीकडून 1.6 आणि वर-खाली 2.4. पण कापण्यापूर्वी पट्टीचा हिशेब धरायलाच हवा. फोटो 20.32 रुंद आणि दिसणार फक्त 19.2. म्हणजे कापलेलं आणि झाकलेलं मिळून प्रत्येक बाजूने साडेपाच मिलिमीटरहून थोडं जास्त जाणार. बहिणीचं कोपर फोटोच्या कडेपासून जेमतेम चार मिलिमीटर आत होतं. म्हणजे मी कितीही सरळ कापलं असतं तरी कोपर जाणारच होतं.

हे घरी आधीच पाहायची सोपी युक्ती आहे. फ्रेम घेण्याआधी फोटोवर चार पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवा, कडेपासून सहा मिलिमीटर आत येतील अशा. जे उरेल तेच भिंतीवर दिसणार आहे. सही, तारीख, कुणाच्या पायाची बोटं, कडेला उभं असलेलं मूल, असं काही त्या सहा मिलिमीटरमध्ये असेल तर थेट खाचेत बसवायचा नाद सोडा.

माउंटची वाट मी घेतली. माउंट म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, मधोमध खिडकी कापलेली. ती फोटोवर बसते आणि मग सगळं मिळून काचेमागे जातं. इथे एक गोष्ट उलटी होते आणि लोक नेमकं तिथेच चुकतात. खाच फोटोपेक्षा मोठी लागते, पण खिडकी फोटोपेक्षा लहान लागते. खिडकी फोटोएवढीच असेल तर फोटो तिच्यातून पुढे निसटतो आणि एखाद्या कडेला मागच्या पाटीची रेघ दिसते. त्यामुळे खिडकीसाठी रूपांतराचं उत्तर खालच्या बाजूला न्यायचं. प्रत्येक कडेला तीन मिलिमीटर फोटो पुठ्ठ्याखाली जाईल एवढं पुरतं.

माझा हिशेब असा झाला. फोटो 20.3 × 30.5. प्रत्येक बाजूचे तीन मिलिमीटर वजा केले की खिडकी 19.7 × 29.9. फ्रेम घेतली 30 × 40 सेंटीमीटरची. मग पुठ्ठ्याचा काठ रुंदीच्या बाजूंना 30 वजा 19.7, भागिले दोन, म्हणजे 5.15 सेंटीमीटर, आणि लांबीच्या बाजूंना 40 वजा 29.9, भागिले दोन, म्हणजे 5.05. एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, चारही काठ सारखेच दिसतात. कोपर चार मिलिमीटर आत होतं, तीन झाकले गेले, एक मिलिमीटर उरला. तेवढ्यावर ते सुटलं.

तयार माउंट घेत असाल तर त्यावर "20 × 30 फोटोसाठी" असं लिहिलेलं असू शकतं. त्याची खिडकी अनेकदा 19 × 29 ची असते. 8 बाय 12 च्या फोटोवर ती छान बसते, पण प्रत्येक बाजूने साधारण सात मिलिमीटर झाकते. माझ्या फोटोला ते चाललं नसतं. म्हणून चिठ्ठीवरचा आकडा बाजूला ठेवून खिडकी मोजपट्टीने मोजावी.

तिसरी वाट मला आता सर्वांत पसंत आहे, पण ती फोटो छापण्याआधीच घ्यावी लागते. आधी फ्रेम ठरवायची, तिची खाच मोजायची आणि मग त्या मापाने छपाई करायची. छापणारे इंचातच छापत असले तरी अडत नाही. 8 बाय 12 च्या पानावर आपलं चित्र 20 × 30 सेंटीमीटरचंच ठेवायचं आणि भोवती बारीक पांढरा काठ सोडून द्यायचा, तो नंतर कापायचा. आठास बारा आणि विसास तीस हे एकाच प्रमाणात आहेत, त्यामुळे चित्राचा काहीही भाग कापावा लागत नाही, ते फक्त किंचित लहान होतं. इंचाला 300 पिक्सेल धरले तर हिशेब असा:

```
20 / 2.54 * 300 = 2362
30 / 2.54 * 300 = 3543
8 * 300 = 2400
12 * 300 = 3600
```

म्हणजे 2400 × 3600 चं पांढरं पान आणि त्याच्या मधोमध 2362 × 3543 चं चित्र. देताना "पान भरण्यासाठी मोठं करू नका, आहे त्याच मापात छापा" हे स्पष्ट सांगावं लागतं. विनाकाठ छपाईत यंत्र चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर काढतं, आणि मग आपला काळजीपूर्वक ठेवलेला काठ अरुंद होतो किंवा एका बाजूचा नाहीसाच होतो. फोटो हातात आला की चित्र पट्टीने मोजावं. वीस यायला हवं तिथे 20.2 आलं, तर चित्र मोठं करून छापलं गेलं हे लगेच कळतं.

प्रमाणाचा विषय निघालाच आहे तर ए-फोर फ्रेमबद्दल सांगतो, कारण 8 बाय 12 साठी ती हमखास सुचवली जाते. ए-फोर म्हणजे 21 × 29.7 सेंटीमीटर. आपला फोटो 20.32 × 30.48. म्हणजे रुंदीला फोटो जवळजवळ सात मिलिमीटर कमी आणि लांबीला जवळजवळ आठ मिलिमीटर जास्त. एका दिशेने सैल, दुसऱ्या दिशेने बसतच नाही. दोन्ही मापं "जवळपास सारखी" दिसतात, पण आकार वेगळे आहेत, आणि हे फक्त लांबी-रुंदी वेगवेगळी रूपांतरित केली तरच दिसतं.

मोजण्याबद्दलही थोडं. कापडी टेप वापरू नये, तो ताणला जातो. गुंडाळीच्या लोखंडी टेपचं टोकाचं आकडं, म्हणजे हूक, थोडं हलतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, बाहेरून आणि आतून दोन्ही प्रकारे मोजता यावं म्हणून. पण ते आकडं वाकलेलं असेल तर मिलिमीटरचा घोळ होतो, आणि इथे आपलं सगळं काम मिलिमीटरातच आहे. स्टीलची पट्टी घ्या. शून्याची खूण झिजलेली असेल तर दहाच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी दहा वजा करा. खाच एकाच जागी न मोजता दोन्ही टोकांना मोजा, कारण जोड नीट नसेल तर एक टोक अरुंद निघतं, आणि फोटो तिथेच अडतो. इंचाच्या पट्टीवर मोजत असाल तर एक सावधगिरी: आठव्या भागाच्या खुणा दशांश नसतात. आठ इंच आणि पाच खुणा म्हणजे 8.5 नव्हे, 8.625 इंच. सेंटीमीटरमध्ये 21.59 ऐवजी 21.91. तीन मिलिमीटरांचा फरक, पुन्हा तेच एक सूत.

आणि मागवताना आकड्यापुढचं एकक वाचा. 20 × 30 इंच आणि 20 × 30 सेंटीमीटर हे दोन्ही प्रचलित आकार आहेत. पहिला 50.8 × 76.2 सेंटीमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने दुसऱ्याच्या सहापटीहून मोठा.

आमचा फोटो आता माउंटमध्ये आहे. तो मी चारही बाजूंनी चिकटवला नाही. फक्त वरच्या कडेला, मागच्या बाजूने, कागदी टेपचे दोन छोटे तुकडे लावले आणि खालचा भाग मोकळा लोंबकळता ठेवला, म्हणजे दमट दिवसांत कागद वाढला तर त्याला खाली सरकायला जागा आहे. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे फोटो काचेला टेकतही नाही, नाहीतर ओलाव्याने तो काचेला चिकटून बसतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. एक पावसाळा त्यावर होऊन गेला. लाटा आलेल्या नाहीत आणि बहिणीचं कोपर, एका मिलिमीटरच्या अंतराने का होईना, पूर्ण दिसतं.